खातेउताऱ्यातल्या अनोळखी नोंदी

बचत खात्याच्या उताऱ्यात प्रत्येक व्यवहाराला एक ओळ मिळते. तारीख, तपशील, नावे पडलेली किंवा जमा झालेली रक्कम आणि त्यानंतर उरलेली शिल्लक, एवढेच तिच्यात असते. रक्कम आणि शिल्लक कुणालाही वाचता येते. गाडी अडते ती तपशिलाच्या रकान्यात, कारण तो मुळात खातेदारासाठी लिहिलेलाच नसतो. पैसे पाठवताना बँकांच्या संगणक यंत्रणा एकमेकींना जो संदेश देतात, त्यातले तुकडे तिथे छापले जातात आणि जागा संपली की शब्द मध्येच तुटतो. यूपीआयने केलेल्या खरेदीची नोंद साधारण अशी दिसते:

```
UPI/DR/516012345678/SHRI GANE/YESB/
```

यातले `DR` म्हणजे रक्कम खात्यातून गेली; जमा असती तर तिथे `CR` आले असते. पुढचा बारा आकडी क्रमांक हा त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. तक्रार करायची झाली तर बँक पहिल्यांदा हाच विचारते. त्याच्या सुरुवातीच्या चार आकड्यांत सहसा व्यवहाराचा दिवसही दडलेला असतो: पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ५१६० म्हणजे २०२५ सालचा १६०वा दिवस, अर्थात ९ जून. रविवारी किंवा रात्री उशिरा केलेली खरेदी उताऱ्यात दुसऱ्या दिवसाच्या तारखेने आली, तर खरा दिवस या क्रमांकावरून सापडतो. त्यानंतर पैसे घेणाऱ्याचे अर्धवट नाव येते आणि त्याच्या बँकेच्या आयएफएससी कोडची पहिली चार अक्षरे येतात.

घोटाळा होतो तो नावात. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि क्यूआर कोड मालकाच्या किंवा त्याच्या मुलाच्या नावावर, हे आपल्याकडे अगदी सर्रास. मोठ्या कंपन्यांचेही तसेच. ओला टॅक्सीचे भाडे `ANI TECHNOLOGIES` या नावाने दिसू शकते, कारण कंपनीचे नोंदणीकृत नाव ते आहे. म्युच्युअल फंडाच्या एसआयपीचा हप्ता पुष्कळदा `INDIAN CLEARING CORP` या नावाने जातो आणि फंडाचे नाव ओळीत कुठेच नसते. मुंबई शेअर बाजाराच्या यंत्रणेमार्फत गुंतवणूक केली, की पैसे आधी त्या क्लिअरिंग संस्थेकडे जातात. तेव्हा अनोळखी नाव दिसले म्हणून लगेच चोरीचा संशय घेण्यात अर्थ नाही. रक्कम आणि दिवस जुळतात का, हे आधी पाहावे.

बँकेने स्वतः कापलेल्या रकमा ओळखायला याहून सोपी खूण आहे. बँकेच्या सेवाशुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणून एखादी विचित्र, पैशांत मोडलेली रक्कम दिसली की तिला १.१८ ने भागून पाहावे. उत्तर गोल आले, तर ते जवळजवळ नक्कीच शुल्क असते. १७ रुपये ७० पैसे म्हणजे १५ रुपये. बहुधा तिमाहीचे एसएमएस शुल्क. २३ रुपये ६० पैसे म्हणजे २० रुपये. खात्यात पुरेसे पैसे नसताना एटीएममधून काढायचा प्रयत्न केला, तर काही बँका एवढे आकारतात. २७ रुपये १४ पैसे म्हणजे २३ रुपये. महिन्यातले मोफत एटीएम व्यवहार संपल्यावर पुढच्या प्रत्येक व्यवहाराला लागणारे हे कमाल शुल्क १ मे २०२५ पासून लागू आहे. २३६ म्हणजे २००, डेबिट कार्डाची वार्षिक फी. २९५ म्हणजे २५०, आणि ही रक्कम दिसली की जरा थांबावे, कारण ती बहुतेक वेळा हप्ता परत गेल्याचा दंड असते. दर बँकेगणिक वेगळे असतात. ते बँकेच्या संकेतस्थळावर सेवाशुल्कांच्या तक्त्यात मिळतात.

भागाकार गोल येत नाही अशा दोन रकमा मात्र दरवर्षी मेच्या अखेरीस हमखास प्रश्न उभे करतात: ४३६ आणि २०. पहिली प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेची आणि दुसरी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची. १ जून ते ३१ मे अशा वर्षासाठी प्रत्येकी दोन लाखांचे विमाछत्र देणाऱ्या या योजनांचे हप्ते २०२२ पासून एवढे आहेत. खाते उघडताना किंवा नंतर कधीतरी दिलेल्या संमतीवर ते दरवर्षी आपोआप कापले जातात. संमती दिल्याचे आठवत नसेल तर शाखेत तिची प्रत मागता येते आणि नको असेल तर योजना लेखी अर्जाने बंद करता येते. दोन बँकांत खाती असलेल्यांनी दोन्ही उतारे शेजारी ठेवून पाहावेत. विमा एका व्यक्तीला एकाच खात्यातून मिळतो. दुसऱ्या खात्यातून गेलेले ४३६ रुपये संरक्षण वाढवत नाहीत, ते फुकट जातात.

उतारा तारखेच्या क्रमाने लिहिलेला असतो, पण एका ओळीचे कारण चार ओळी वर असू शकते. समजा, एका पगारदार खातेदाराच्या खात्यात २४ मे रोजी २,४८० रुपये होते. दर महिन्याच्या ५ तारखेला २,००० रुपयांची एसआयपी जाते आणि पगार १० तारखेला येतो. २६ मे रोजी विम्याचे २० आणि ४३६ रुपये गेले, शिल्लक २,०२४. अजूनही एसआयपीपुरते पैसे आहेत, वर २४ रुपये उरतात. २ जूनला कार्डाची वार्षिक फी २३६ रुपये कापली गेली आणि शिल्लक १,७८८ वर आली. ५ जूनला २,००० ची मागणी आली, २१२ रुपये कमी पडले आणि हप्ता परत गेला. ९ जूनला `ACH RETURN CHARGES` अशी २९५ रुपयांची ओळ उमटली, शिल्लक १,४९३. दुसऱ्या दिवशी पगार जमा झाला.

अशा उताऱ्यात न गेलेल्या हप्त्याची ओळ असेलच असे नाही. काही बँका रक्कम आधी नावे टाकून त्याच दिवशी परत जमा दाखवतात, काही ती नोंदच घेत नाहीत. मग ९ जूनचा दंड आभाळातून पडल्यासारखा वाटतो. त्याचा उगम शोधायचा तर शिल्लकेच्या रकान्यातून वर जात राहावे आणि ज्या तारखेला एखादा नेहमीचा हप्ता जायला हवा होता, त्या दिवशीची शिल्लक पाहावी. इथे खरे कारण एसआयपी नाही, कार्डाची फी आहे, आणि ती कार्ड ज्या महिन्यात मिळाले त्याच महिन्यात बहुधा दरवर्षी येते. खात्यात पैसेच नसले तर दंड लगेच वसूल होत नाही. तो थकीत राहतो आणि पुढे केव्हाही पैसे जमा झाले की वळता होतो. किमान शिल्लक न ठेवल्याबद्दलचे शुल्कही असेच साचते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार केवळ त्या शुल्कामुळे बचत खाते उणे शिल्लकेत जाता कामा नये, पण नंतर आलेल्या पैशांतून वसुली होऊ शकते. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पैसे जमा होताच जुन्या शुल्कापोटी कापले गेल्याच्या तक्रारी महाराष्ट्रात आल्या होत्या, त्यामागे हेच होते. कर्जाचा हप्ता परत गेला तर दुखणे दुहेरी: बँकेचा दंड वेगळा, कर्ज देणाऱ्याचा वेगळा, आणि त्याने तोच हप्ता पुन्हा मागितला व तोही परत गेला, तर बँकेचा दंड पुन्हा.

दरमहा आपोआप जाणाऱ्या रकमा थांबवायच्या तर त्या कोणत्या वाटेने जातात हे आधी कळले पाहिजे, कारण प्रत्येक वाटेची कडी वेगळ्या दाराला असते. तपशिलात `ACH` किंवा `NACH` असेल, तर ती खातेदाराने सही करून किंवा ऑनलाइन मान्य करून दिलेली परवानगी आहे. ती बँकेच्या ॲपमध्ये किंवा शाखेत रद्द होते आणि त्यासाठी तिचा यूएमआरएन नावाचा क्रमांक लागतो. `UPI` आणि `MANDATE` हे शब्द एकत्र असतील तर तो यूपीआय ऑटोपे. परवानगी ज्या यूपीआय ॲपमधून दिली, तिथेच ऑटोपेच्या यादीत ती थांबवता येते. चित्रपट-मालिकांच्या ॲपची वर्गणी कार्डावरून जात असेल तर कार्डाच्या ई-मँडेटची यादी पाहावी लागते. यूपीआय आणि कार्डाच्या बाबतीत पैसे कापण्याच्या निदान २४ तास आधी सूचना येणे बंधनकारक आहे. तो संदेश वाचला तर पुष्कळ नोंदी अनोळखी राहतच नाहीत. फोनवरून ॲप काढून टाकल्याने यातले काहीच थांबत नाही. आणि कर्जाची परवानगी रद्द केली म्हणून कर्ज संपत नाही, हप्ता थकतो इतकेच.

सगळे पडताळूनही एखादी ओळ उरते: ना शुल्क, ना विमा, ना हप्ता, ना घरातल्या कुणी केलेली खरेदी. इथे घड्याळ महत्त्वाचे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक बँकेची किंवा खातेदाराचीही नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत खातेदाराने कळवले, तर त्याची जबाबदारी शून्य. चार ते सात दिवस लावले तर नुकसानीचा ठरावीक मर्यादेपर्यंतचा वाटा त्याच्यावर येतो. त्याहून उशीर झाला की बँकेचे धोरण लागू होते. ओटीपी किंवा पिन स्वतःच कुणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचे नुकसान खातेदाराचे. पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेच्या माथी. म्हणून संदर्भ क्रमांकासह तक्रार नोंदवून तिचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवावी. फसवणूक असेल तर १९३० या सायबर मदत क्रमांकावरही लगेच कळवावे. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी गोठवता येतात ते तिथून.

शुल्काबद्दलचा वाद एवढा तातडीचा नसतो. चुकून लावलेले किंवा पूर्वसूचना न देता वाढवलेले शुल्क परत मागणारा अर्ज शाखेत किंवा ईमेलने द्यावा आणि त्यात तारीख, रक्कम व तपशिलाची ओळ जशीच्या तशी लिहावी. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे `cms.rbi.org.in` वर तक्रार करता येते आणि तिला फी लागत नाही.