दोन बाइटांच्या मधली वाक्यं : १९५४ च्या आठवणींचा माहितीपट आणि त्याचं निवेदन

खडोली, नरोली, खानवेल या पट्ट्यात म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती आता बरेच जण रेकॉर्ड करतात. मोबाइल असतो, माईक स्वस्त झालाय. अडतं पुढे. दहा-बारा जणांचं बोलणं हातात असतं, प्रत्येकाचं वेगळ्या जागी सुरू होतं आणि भलतीकडेच संपतं. मग एकाचं बोलणं दुसऱ्याला जोडायला मधे निवेदन घालायचं ठरतं. आणि बहुतेक वेळा ते निवेदन, बोलणारा जे सांगणार आहे तेच, पुस्तकी मराठीत आधी सांगून टाकतं. प्रेक्षकाला एक गोष्ट दोनदा ऐकावी लागते. त्याहून वाईट म्हणजे आजींचं बोलणं निवेदकाच्या विधानाला जोडलेला पुरावा होऊन बसतं.

निवेदन लिहिण्याआधी कागदावर संकलन करावं. प्रत्येक निवडलेल्या बाइटचं बोलणं जसंच्या तसं उतरवायचं, वेळेच्या आकड्यासह. मग प्रत्येकीखाली फक्त दोन ओळी लिहायच्या : ही बाइट कुठल्या शब्दावर संपते आणि पुढची कुठल्या शब्दावर सुरू होते. पाइपाचे दोन तुकडे जोडताना आम्ही आधी दोन्ही तोंडांचा व्यास मोजायचो, कपलिंग नंतर आणायचो. इथेही तसंच.

मोजल्यावर लगेच दिसतं की पुढच्या बाइटचं पहिलं वाक्य बहुधा लंगडं असतं. माणूस प्रश्नाला उत्तर देत असतो आणि आपला प्रश्न तर कापून टाकलेला असतो. त्यामुळे ‘मग ते तिकडे गेले’ असं वाक्य येतं. ते कोण, तिकडे कुठे, कळत नाही. निवेदनाचं पहिलं काम हे नाम पुरवण्याचं. जमेल तिथे ते नाम दुव्याच्या अगदी शेवटी ठेवावं, म्हणजे बोलणाऱ्याचं ‘ते’ आपोआप त्यावर बसतं.

एक नमुना घेऊ. खालच्या दोन्ही बाइटा समजुतीसाठी रचलेल्या आहेत, कुणा खऱ्या व्यक्तीच्या नाहीत. पहिल्या बाइटमध्ये एक आजोबा म्हणतात, ‘रातीला कुत्री भुंकत होती. सकाळी बघतो तर वाटेवर बुटांचे ठसे, पाण्यानं भरलेले.’ दुसरीत एक आजी म्हणतात, ‘ते गेले ते गेलेच. पण आम्हाला वाटायचं, परत येतील. चुलीचा धूर पण नाय केला.’

यांच्या मधे हमखास लिहिला जातो तो दुवा असा : ‘२ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाल्यावर पोर्तुगीज पोलीस भर पावसात जंगलाकडे पळाले. ११ ऑगस्टला त्यांनी शरणागती पत्करली, तरी भोळे आदिवासी मात्र भीतीच्या छायेत जगत होते.’

यात तारखा बरोबर आहेत, तरी दुवा वाया गेलाय. पाऊस आजोबांच्या ठशांमध्ये येऊन गेला होता, तो पुन्हा आला. भीती आजी सांगणारच होत्या, ती आधीच सांगून टाकली. ‘भोळे’ हे तर आपणच चिकटवलेलं लेबल. पण खरा घोटाळा शरणागतीचा आहे. ते परत येणार नाहीत हे प्रेक्षकाला एकदा कळलं की आजींची विझलेली चूल त्याला गंमत वाटते. आजींना त्या दिवशी जेवढं ठाऊक होतं तेवढंच प्रेक्षकालाही ठाऊक असायला हवं.

म्हणून दुवा असा करावा : ‘स्वयंसेवक २ ऑगस्टला सिल्वासात शिरले. प्रशासक कॅप्टन फिदाल्गो खानवेलच्या बाजूला हटले. सोबत त्यांचे पोलीस.’ यानंतर आजींचं ‘ते गेले ते गेलेच’. आणि आजी बोलून थांबल्यावर, थोडी शांतता जाऊ देऊन, एकच वाक्य : ‘११ ऑगस्टला उधव्याला फिदाल्गोंनी भारतीय पोलिसांपुढे शस्त्रं खाली ठेवली.’ माहिती तीच, फक्त तिची जागा बदलली.

पहिला दुवा चौदा शब्दांचा आहे. सावकाश निवेदनात सेकंदाला साधारण दोन शब्द बसतात, म्हणजे सात सेकंद. आधी आणि नंतर एकेक सेकंद मोकळा ठेवला की नऊ. पडद्यावर तेवढा वेळ दाखवायला चित्र आहे का, हे लिहितानाच बघावं. नसेल तर शब्द कमी करावेत. घाईने वाचायला लावू नये.

बोलणारे एकमेकांना छेद देतात तिथे काम जास्त नाजूक होतं, आणि १९५४ च्या बाबतीत ते होणारच. कुणी म्हणेल गोव्याच्या लोकांनी केलं, कुणी म्हणेल संघाच्या पोरांनी, कुणी लाल बावट्याचं नाव घेईल. इथे निवेदकाला न्यायाधीश व्हायची खुमखुमी येते. ‘मात्र वस्तुस्थिती वेगळी होती’ हे वाक्य आलं की आधीचा माणूस पडद्यावरच खोटा पडतो. खरं तर गावं वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या गटांच्या हाती आली. दादरा २२ जुलैला युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने घेतलं. नरोली २८ जुलैला आझाद गोमंतक दल आणि संघाच्या स्वयंसेवकांनी. इकडच्या वारली वस्तीत कम्युनिस्टांचंही काम होतं. तेव्हा दुव्यात फक्त गाव आणि तारीख सांगावी आणि ज्याची बाइट त्या गावाबद्दल आहे ती तिथे लावावी. निम्मी भांडणं तेवढ्याने मिटतात, कारण ती माणसं मुळात वेगवेगळ्या रात्रींबद्दल बोलत असतात. जी उरतात ती उरू द्यावीत. दोन बाइटा मधे काहीही न घालता लागोपाठ लावल्या तरी चालतात. क्लोद लान्झमानच्या नऊ तासांहून मोठ्या ‘शोआ’मध्ये (१९८५) निवेदन नाहीच. सगळ्यांना ते परवडणार नाही, पण दुवा नसणं हाही एक दुवा असतो हे त्यातून कळतं.

शब्दांचंही असंच. गावातला माणूस ‘फिरंगी’ म्हणतो, ‘आवणी उरकली होती’ म्हणून काळ सांगतो. निवेदनात लगेच ‘म्हणजेच पोर्तुगीज’, ‘म्हणजेच जुलैअखेर’ असं भाषांतर करू नये. ‘पोर्तुगीज’ हा शब्द बाइटच्या आधी एकदा येऊन जाऊ द्यावा, तारीखही आधीच्या दुव्यात. मग आवणी ऐकताना प्रेक्षक स्वतःच सांधा जुळवतो. वारली किंवा ढोडिया बोलणं कळणार नसेल तर खाली मजकूर द्यावा. निवेदकाने सारांश सांगू नये.

काही गोष्टी मात्र कुणाच्याच आठवणीत सापडणार नाहीत. १९५४ ते १९६१ हा मुलूख पोर्तुगालकडेही नव्हता आणि रीतसर भारतातही नव्हता, कारभार वरिष्ठ पंचायतीकडे होता. त्यातच हेगच्या न्यायालयात वाटेच्या हक्काचा खटला चालला आणि १२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. विलीनीकरण ११ ऑगस्ट १९६१ चं. इथे निवेदकाने मोकळेपणाने बोलावं, दोन-चार वाक्यं जास्त घ्यावीत. हा भाग त्याच्याशिवाय कुणी सांगणारच नाही.

दुवा बसला का, हे तपासायची माझी पद्धत सोपी आहे. कागदावर बाइट हाताने झाकायची आणि नुसता दुवा एखाद्या नवख्या माणसाला वाचून दाखवायचा. त्याने ‘मग काय झालं?’ विचारलं तर ठीक. ‘बरं, कळलं’ म्हणाला तर दुव्याने बाइट खाल्ली आहे. मग दुवा झाकून नुसती बाइट ऐकवायची. त्याला सगळं समजलं तर दुव्याची गरजच नव्हती, तो काढून टाकायचा.