भाडं वेळेवर, तरी सिबिल कोरं

पुण्यात भाड्याने राहणारी एखादी शिवणकाम करणारी बाई धरा. महिन्याला ९,००० भाडं, हजारभर वीजबिल, फोनचं बिल. एकही हप्ता चुकलेला नाही. चाळीस हजारांच्या मशीनसाठी कर्ज मागितलं, तर सिबिलमध्ये तिचा इतिहासच नाही. कारण तिथे मुख्यतः कर्जं आणि क्रेडिट कार्डांची नोंद होते. घरमालकाला दिलेलं भाडं किंवा महावितरणचं बिल तिथे सहसा पोहोचतच नाही.

मग या शिस्तीचा उपयोग कुठे? बँकेच्या स्टेटमेंटमध्ये. भाडं दर महिन्याच्या पाच तारखेला यूपीआयने गेलं, कमाईही खात्यातच जमा झाली, तर कर्ज देणाऱ्याला वर्षभराचं चित्र दिसतं: सगळं भागवून सहा हजार उरतात, म्हणजे साडेतीन हजारांचा हप्ता झेपेल. तुमच्या संमतीने अकाउंट अॅग्रीगेटरमार्फत हे स्टेटमेंट थेट मागवता येतं. रोखीत दिलेलं भाडं मात्र कुणालाच दिसत नाही. वीजबिल घरमालकाच्या नावावर असेल (बहुतेक वेळा असतंच), तर ते तुमच्या खात्यातून भरल्याची नोंद तेवढी कामाची.

केवळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज नाकारू नये, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं आहे. पण कर्ज द्यायचं की नाही, हे बँकच ठरवते. म्हणून मुदत ठेवीवर मिळणारं छोटं क्रेडिट कार्ड घेऊन ते वेळेवर फेडणं मला जास्त भरवशाचं वाटतं. ती नोंद सिबिलमध्ये जाते.