शेवटच्या स्लाइडवर काय मागावं? 'सेव्ह' की 'कमेंट'?

समजा, बडनेऱ्यातील एका कृषी सेवा केंद्रचालकाने गुलाबी बोंडअळीवर सहा स्लाइडची इन्स्टाग्राम पोस्ट तयार केली. त्यातला कामाचा आकडा असा : कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ किंवा त्याहून जास्त पतंग सापडले, की नियंत्रणाचे उपाय सुरू करायचे. माहिती चोख आहे, पण शेवटच्या स्लाइडवर लिहिलंय, 'आवडल्यास लाईक, शेअर, कमेंट आणि फॉलो करा.' चार कामं एकदम सांगितली, की वाचणारा बहुधा एकही न करता पुढे सरकतो.

आधी काय ठरवायचं?

वाचक ही माहिती कधी वापरणार, ते पाहा. आकडा आज घरी वाचला तरी त्याची गरज पुढच्या आठवड्यात, वावरात सापळ्यापाशी उभं असताना पडणार. म्हणून इथे 'सेव्ह' मागावं : 'सेव्ह करा. सापळे मोजायला जाल तेव्हा हा आकडा उघडा.' काय करायचं आणि का, हे दोन छोट्या वाक्यांत आलं. आठचा आकडाही त्याच स्लाइडवर मोठ्या अक्षरांत ठेवावा.

'कमेंट' कधी मागावी?

वाचकाकडची माहिती आपल्याला हवी असेल तेव्हा. 'तुमचं मत सांगा' म्हटलं की काय लिहावं हे सुचत नाही. त्याऐवजी विचारा : 'काल रात्री तुमच्या सापळ्यात किती पतंग? आकडा आणि गावाचं नाव लिहा.' उत्तर दोन शब्दांत देता येतं, आणि कोणत्या गावात पतंग वाढताहेत याचा अंदाजही येतो. मात्र आलेल्या आकड्यांना उत्तर द्यायला वेळ नसेल, तर हे विचारूच नये. 'बारा' लिहिणारा शेतकरी सल्ल्याची वाट पाहत असतो.

चुका कुठे होतात?

'इथे क्लिक करा' असं चित्रावर लिहिलं तरी तिथे बोट लावून काही उघडत नाही, कारण स्लाइड म्हणजे नुसतं चित्र. दुसरी चूक, 'हो असेल तर YES लिहा' अशी पोकळ मागणी. अशा प्रतिसाद उकळणाऱ्या पोस्ट कमी लोकांना दाखवू, असं फेसबुकने डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर केलं होतं. खरा सल्ला किंवा मदत मागणाऱ्या पोस्टना त्यातून वगळलं होतं.

जमलं की नाही, कसं कळेल?

प्रोफेशनल खात्यात पोस्टखालच्या 'इनसाइट्स'मध्ये पोस्ट किती जणांपर्यंत पोचली आणि किती वेळा सेव्ह झाली, ते दिसतं. नुसती सेव्हची संख्या पाहू नका. पोचलेल्या दर शंभर जणांमागे किती सेव्ह झाले, ते काढा. सारख्याच विषयाच्या तीन-चार पोस्ट जुन्या मागणीसह आणि तेवढ्याच नव्या मागणीसह टाकून तुलना करा. एकाच पोस्टवरून निष्कर्ष काढू नका. बोंडअळीचा जोर वाढला, की मागणी कशीही लिहिलेली असो, सेव्ह वाढणारच.