स्वस्त चित्र महाग कधी पडतं?

सांगलीच्या हळद पावडरच्या पाकिटासाठी चित्र हवंय: पितळी ताटलीत पॉलिश केलेली पाच सुकी हळकुंडं. एआय टूलला एवढं सांगितलं तरी कधी सात येतात, कधी आल्यासारखी ओली. म्हणून तुलना करताना चित्राचा दर नका बघू. वापरता येईल अशा एका चित्राला किती पडले, ते काढा.

समजा, पहिलं टूल चित्रामागे १ रुपया घेतं आणि २० चित्रांत एक कामाचं निघतं. दुसरं ४ रुपये घेतं, पण ४ चित्रांत एक निघतं. म्हणजे २० रुपये विरुद्ध १६. शिवाय प्रत्येक चित्र तपासायला अर्धं मिनिट जातं. तुमचा तास १२० रुपयांचा धरला, तर चित्रामागे आणखी १ रुपया. आता हिशेब होतो ४० विरुद्ध २०!

कामाचं म्हणजे छापता येणारं, हेही आलंच. १०२४ पिक्सेल रुंदीचं चित्र ३०० डीपीआयला जेमतेम ८.७ सेंमी भरतं. छोट्या पाकिटाला पुरेल, पोत्याला नाही. सॉफ्टवेअरने मोठं केलं, तर हळकुंडावरच्या रेषा ते मनानेच भरतं. त्या झूम करून बघाच.

आणि परवाना आधी वाचा. मिडजर्नीच्या अटींनुसार वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा जास्त महसूल असलेल्या कंपनीला प्रो किंवा मेगा प्लॅनच घ्यावा लागतो. घरगुती मसालेवाल्याला ही अट लागत नाही, मोठ्या निर्यातदाराला लागू शकते. मग वरच्या हिशेबातला दरच बदलतो.