शून्यापाशी एक न्याय, अनंतापाशी दुसरा

सरळ उभ्या भिंतींचं एक पिंप आहे, त्यात शंभर सेंटिमीटर पाणी आहे आणि तळाशी एक बारीक भोक. भोक उघडल्या उघडल्या पाण्याची पातळी मिनिटाला दोन सेंटिमीटर या वेगाने उतरू लागते. हाच वेग शेवटपर्यंत राहिला असता तर पिंप ५० मिनिटांत रिकामं झालं असतं. पण तसं होत नाही. पाणी उतरतं तसा तळावरचा दाब कमी होतो आणि धार मंदावते. तळ जवळ येईल तसा पातळीचा वेग शून्याकडे जातो. मग हे पिंप पूर्ण रिकामं होणार का, की धार मंदावतच राहून ते कायम थोडंसं भरलेलं राहणार?

या प्रश्नाची किल्ली एव्हान्जेलिस्ता टॉरिचेल्ली या इटालियन गणितज्ञाच्या १६४४ साली छापलेल्या ‘ओपेरा जिओमेट्रिका’ या ग्रंथात आहे. गॅलिलिओच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्याजवळ राहिलेला, पाऱ्याच्या नळीने हवेचा दाब दाखवणारा हाच तो टॉरिचेल्ली. त्याने सांगितलं की धारेचा वेग पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. उंची पावपट झाली की वेग निम्मा होतो, पावपट नव्हे.

आता पिंपाचा हिशेब टप्प्याटप्प्याने करू. पहिला टप्पा १०० सेंटिमीटरपासून २५ सेंटिमीटरपर्यंतचा. वेग उंचीच्या वर्गमुळाने बदलतो याचा अर्थ असा की तो काळाबरोबर एकसारखा घटत जातो, वर फेकलेल्या दगडाचा घटतो तसा. या टप्प्यात तो दोनवरून एकवर येतो, म्हणजे सरासरी दीड. पंचाहत्तर सेंटिमीटर अंतर दीडच्या वेगाने, म्हणून ५० मिनिटं. पुढचा टप्पा २५ पासून सव्वासहापर्यंतचा. अंतर आधीच्या पावपट आणि प्रत्येक ठिकाणी वेग आधीच्या निम्मा, म्हणून वेळ निम्मा, २५ मिनिटं. त्यापुढचा साडेबारा, मग सव्वासहा. टप्पे कधीच संपत नाहीत, पण त्यांची बेरीज ५० च्या दुपटीच्या पुढे जात नाही. पिंप बरोबर १०० मिनिटांत रिकामं होतं.

हाच हिशेब आलेखावर मांडला तर तो एका आकृतीचं क्षेत्रफळ होतो. पाणी एक मिलिमीटर उतरायला लागणारा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो, म्हणजे वक्र आहे 1/√x. शून्यापाशी हा वक्र आभाळात जातो, त्याला माथाच नाही. तरीही शून्यापासून एकपर्यंत त्याच्याखालचं क्षेत्रफळ नेमकं २ आहे. आपल्या पिंपाला ५० ऐवजी १०० मिनिटं लागली, ती दुप्पट याच दोनमधून आली.

भोकाऐवजी लांब, अतिशय बारीक नळी लावून त्यातून दाट तेल सोडलं तर नियम बदलतो. तिथे वेग उंचीच्याच प्रमाणात असतो, वर्गमुळाच्या नाही. उंची पावपट झाली की वेगही पावपट. मग दुसऱ्या टप्प्यात अंतर पावपट, वेग पावपट, आणि वेळ पहिल्याइतकाच. सुरुवातीचा वेग तोच धरला तर प्रत्येक टप्प्याला सुमारे ६९ मिनिटं लागतील. असे अनंत टप्पे आहेत आणि एकही आधीच्यापेक्षा लहान नाही, म्हणून गणिताच्या हिशेबी हे पिंप कधीच रिकामं होत नाही. प्रत्यक्षात पदार्थ अणूंचा बनलेला असतो. हा नियम ताणत नेला तर सुमारे १९ तासांत पातळी एका अणूच्या जाडीइतकी उरेल, आणि तिथे नियमालाच अर्थ राहणार नाही. पण 1/x या वक्राचा स्वभाव यातून दिसतो. शून्यापाशी त्याच्याखालचं क्षेत्रफळ अनंत आहे.

वक्र 1/xᵖ असा लिहिला, तर p हा घातांक हे सगळं ठरवतो. शून्याकडे जाताना प्रत्येक पट्टीची रुंदी पावपट होते आणि उंची 4ᵖ पट. p एकपेक्षा लहान असेल तर रुंदी जितकी आटते तितकी उंची वाढत नाही. पट्ट्या लहान होत जातात आणि बेरीज कुठेतरी थांबते. अशा संकलनाला आपण अभिसारी म्हणतो. p एक किंवा त्याहून मोठा असेल तर बेरीज थांबत नाही, संकलन अपसारी होतं. फ्रान्सच्या फर्माने अशाच भूमितीश्रेढीतल्या पट्ट्या पाडून या वक्रांची क्षेत्रफळं काढली होती. त्याचं ते लेखन त्याच्या मृत्यूनंतर, १६७९ साली छापून आलं. 1/x हा एकच वक्र त्याला वगळावा लागला, कारण तिथे सगळ्या पट्ट्या सारख्याच येतात.

आता तोंड दुसरीकडे वळवू. एकपासून निघून अनंताकडे जायचं. पट्ट्या १ ते ४, ४ ते १६, १६ ते ६४ अशा. इथे रुंदी दर वेळी चौपट वाढते आणि उंची 4ᵖ पटीने घटते. शून्यापाशी धोका उंचीचा होता, इथे तो लांबीचा आहे. त्यामुळे निकाल उलटा लागतो. वक्र पुरेसा वेगाने खाली यायला हवा, म्हणजे p एकपेक्षा मोठा हवा. 1/x² मध्ये प्रत्येक पट्टी आधीच्या पावपट, एकूण क्षेत्रफळ नेमकं १. आणि शून्यापाशी इतका सरळ वागलेला 1/√x इथे हाताबाहेर जातो. त्याची प्रत्येक पट्टी आधीच्या दुप्पट असते.

याही टोकाचं उत्तम उदाहरण टॉरिचेल्लीच्या त्याच ग्रंथात आहे. 1/x हा वक्र अक्षाभोवती फिरवला की अनंतापर्यंत निमुळती होत जाणारी तुतारी तयार होते. तिच्या आडव्या कापाचं क्षेत्रफळ 1/x² च्या प्रमाणात घटतं, म्हणून एकपासून पुढे तिचं घनफळ मर्यादित आहे, नेमकं π. पृष्ठभाग मात्र 1/x च्या हिशेबाने वाढतो, म्हणून तो अनंत. हा शोध १६४१ चा. तेव्हा न्यूटन जन्मालाही आला नव्हता. अनंत लांबीच्या वस्तूचं घनफळ मोजता येतं, हे त्या काळच्या विद्वानांना फार जड गेलं.

तुतारीत π इतका रंग मावतो, मग तेवढ्याच रंगात तिची आतली बाजू रंगवून का होत नाही, असं हमखास विचारलं जातं. रंगाचा थर सगळीकडे सारख्याच जाडीचा असेल असं आपण मनात धरतो, तिथे घोटाळा आहे. एकक मीटर धरलं तर एक किलोमीटरवर तुतारीची त्रिज्या फक्त एक मिलिमीटर उरते. पुढे कुठेतरी रंगाचा थरच तुतारीपेक्षा जाड होतो. आत भरलेला रंग पुढे पुढे अधिकाधिक पातळ होत जातो, म्हणून तो पुरतो.

शून्याचं आणि अनंताचं टोक एकमेकांची प्रतिबिंबं आहेत. y = 1/√x हा वक्र कागद फिरवून दुसऱ्या अक्षाकडून पाहा. तो x = 1/y² होतो. शून्यापाशी आभाळात जाणारा सुळका आणि अनंताकडे जाणारी शेपटी ही एकच आकृती आहे. त्या २ क्षेत्रफळातलं १ हे खालच्या चौरसाचं आणि उरलेलं १ हे वरच्या सुळक्याचं, म्हणजेच 1/x² च्या शेपटीचं. पिंपात चौरस म्हणजे एकसारख्या वेगाने लागली असती ती ५० मिनिटं, आणि सुळका म्हणजे धार मंदावल्यामुळे लागलेली जादा ५० मिनिटं. घातांक p असेल तर प्रतिबिंबात तो 1/p होतो, म्हणून एकपेक्षा लहान आणि एकपेक्षा मोठा यांच्या जागा बदलतात. 1/x स्वतःचंच प्रतिबिंब आहे, तो दोन्ही टोकांना अपसारीच राहतो. आणि शून्यापासून थेट अनंतापर्यंतचं क्षेत्रफळ कोणत्याच p साठी मर्यादित नाही, कारण एका टोकाला जे लागतं तेच दुसऱ्या टोकाला चालत नाही.

हिशेब करताना माणसं दोन ठिकाणी हमखास फसतात. एक म्हणजे नुसते आकडे पाहून निकाल देणं. 1/x चं क्षेत्रफळ एकपासून दहा लाखांपर्यंत मोजलं तर सुमारे १३.८ येतं. घातांक किंचित वाढवून १.०१ केला तर १२.९. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे, दोन्ही अगदी सावकाश वाढणारे. तरी दुसरा शेवटी नेमक्या १०० पाशी थांबतो आणि पहिला कधीच थांबत नाही. संगणकाला कितीही दूर नेलं तरी तो हा फरक सांगू शकत नाही. घातांक पाहिला तर तो एका नजरेत कळतो.

दुसरी चूक बारावीच्या वहीत वारंवार दिसते. 1/x² चं उणे एकपासून एकपर्यंत संकलन करा म्हटलं की विद्यार्थी −1/x हे सूत्र लिहितो, दोन्ही टोकं घालतो आणि उत्तर येतं −2. वक्र सगळीकडे अक्षाच्या वर आहे, मग क्षेत्रफळ उणे कसं? मधल्या शून्यापाशी वक्र आभाळात गेलेला असतो आणि p तिथे २ आहे, म्हणजे संकलन अपसारी. सूत्राने ती दरी दिसतच नाही. उत्तराची खूण चुकलेली दिसली की टोकांच्या मधे कुठे छेद शून्य होतो का, ते आधी शोधावं.

पिंपाची गोष्ट घरी पडताळून पाहता येते. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली घ्या आणि तळाजवळ तापवलेल्या खिळ्याने लहान भोक पाडा. भोकापासून मोजून पूर्ण उंचीवर एक आणि पाव उंचीवर एक अशा दोन खुणा करा. झाकण काढून पाणी सोडा. वरच्या खुणेपासून पाव खुणेपर्यंत लागलेला वेळ आणि तिथून भोकापर्यंत लागलेला वेळ घड्याळ लावून मोजा. अगदी शेवटी पाण्याच्या पृष्ठताणामुळे धार तुटून थेंब पडू लागतात, ते हिशेबात धरू नका. पहिल्या पाऊण उंचीला जेवढा वेळ लागला, जवळपास तेवढाच उरलेल्या पावाला लागेल.