त्र्यंबकची माती कोनसीमात

राजमहेंद्रीजवळच्या धवळेश्वरमला पावसाळ्यात गोदावरी पाहावी. पाण्याचा रंग चहासारखा असतो. त्यातली बरीच माती आपल्याकडची, कारण या नदीच्या खोऱ्याचा जवळपास निम्मा भाग महाराष्ट्रात आहे. त्र्यंबकेश्वरपासून हजार मैलांच्या आत, १,४६५ किलोमीटर वाहून नदी समुद्राला मिळते.

धवळेश्वरमच्या खाली उतार जवळजवळ संपतो. वेग मंदावला की पाण्याला ओझं पेलवत नाही. आधी जाड रेती खाली बसते, मग बारीक. तिची बेटं होतात, नदी त्यांना वळसा घालते आणि फाटते. गौतमी एका बाजूला, वसिष्ठा दुसऱ्या बाजूला, आणि मधला त्रिकोण म्हणजे नारळीबागांचं कोनसीमा.

सर्वांत बारीक चिकणमाती मात्र नुसता वेग कमी झाला म्हणून बसत नाही. तिच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. हे घरीही पाहता येतं. काळी माती पावसाच्या पाण्यात कालवून दोन पेल्यांत ओता आणि एकात चमचाभर मीठ ढवळा. मिठाच्या पेल्यात थोड्या वेळात कापसासारखे पुंजके जमून तळाशी जातात, वरचं पाणी निवळतं. दुसरा पेला बराच वेळ गढूळच राहतो. नदीच्या मुखाशी समुद्राचं खारं पाणी हेच काम करतं.

सुपीकतेचं मूळही त्याच विद्युतभारात आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन बनलेली ही चिकणमाती कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश धरून ठेवते आणि मुळांना हळूहळू देते. पाणीही धरते. नत्र मात्र ती स्वतः फारसं देत नाही. ते पुरासोबत आलेल्या पालापाचोळ्यातून येतं.

सगळी जमीन सारखी नसते. पूर काठावरून सांडला की जाड गाळ काठालाच पडतो, म्हणून काठ उंच होतो. घरं आणि नारळ तिथे. बारीक गाळ मागच्या सखल भागात जातो, तिथे भात. मला हीच रचना सर्वांत देखणी वाटते, कारण ती पुरानेच आखलेली आहे.

कोकणात असं घडत नाही. सह्याद्रीवरून उतरणाऱ्या आपल्या नद्या आखूड, गाळ थोडा, आणि भरती-ओहोटी तो खाडीतून हलवत राहते.

१८५२ मध्ये धवळेश्वरमला इंग्रज अभियंता आर्थर कॉटनचा बंधारा पूर्ण झाला आणि कोनसीमाच्या परिसराला कालवे मिळाले. पुढे वरच्या अंगाला जायकवाडीसारखी धरणं झाली. आता गाळ जलाशयात अडतो आणि काठचे बांध पूर शेतात येऊ देत नाहीत. जुना चिखल मात्र स्वतःच्या वजनाने दबत, खचत राहतो. वर नवा थर पडत नसेल तर समुद्र आत सरकतो: आधी विहिरीचं पाणी मचूळ होतं, मग उन्हाळ्यात शेतावर पांढरा थर दिसतो. धरणाचा हिशेब मांडताना पाण्यासोबत अडलेला गाळही त्यात धरायला हवा.