दोन नंबरच्या पिनचे सांगणे

741 ही आयसी, एक किलो-ओमचा R1 आणि दहा किलो-ओमचा Rf एवढ्या साहित्यात ऑप-अॅम्पच्या गेनचे प्रॅक्टिकल उभे राहते. त्याच दोन रेझिस्टरांपासून इन्व्हर्टिंग जोडणीत उणे 10 गेन मिळतो आणि नॉन-इन्व्हर्टिंगमध्ये 11. ही सूत्रे पाठ करावी लागत नाहीत. एका गोष्टीवरून दोन्ही निघतात.

741 चा स्वतःचा, म्हणजे फीडबॅक न जोडता मिळणारा गेन साधारण दोन लाख असतो. म्हणून आउटपुटला, म्हणजे 6 नंबरच्या पिनवर, 10 व्होल्ट यायला 2 आणि 3 नंबरच्या पिनांमध्ये जेमतेम 50 मायक्रोव्होल्टचा फरक पुरतो. साध्या मल्टिमीटरला तो दिसतही नाही. तेव्हा फीडबॅक 2 नंबरच्या पिनकडे नीट येत असेल, तर दोन्ही पिनांवरचे व्होल्टेज सारखेच आहे असे धरून गणित करता येते.

इन्व्हर्टिंग जोडणीत 3 नंबरची पिन ग्राउंडला असते, म्हणून 2 नंबरवरही शून्यच राहते. R1 च्या दुसऱ्या टोकाला 1 व्होल्ट दिला की त्यातून 1 मिलिअँपिअर प्रवाह वाहतो. आयसीच्या आत तो जवळजवळ शिरत नाही, त्यामुळे सगळाच्या सगळा Rf मधून पुढे जातो. दहा किलो-ओमवर 10 व्होल्ट पडतात, आणि ते शून्यापासून खाली मोजायचे असल्याने आउटपुट उणे 10 व्होल्ट येते. नॉन-इन्व्हर्टिंगमध्ये R1 ग्राउंडला जोडतात आणि इनपुट 3 नंबरवर देतात. आता आउटपुटचा अकरावा हिस्सा 2 नंबरवर परत येतो. तो 1 व्होल्ट व्हायचा, तर आउटपुट 11 व्होल्ट व्हायला हवे. गेनच्या सूत्रातला तो अधिकचा एक इथून येतो.

Vout = −(Rf / R1) × Vin
Vout = (1 + Rf / R1) × Vin

कागदावर दोन्ही जोडण्या सख्ख्या बहिणी वाटतात. ब्रेडबोर्डवर मात्र एक फरक भल्याभल्यांना चकवतो. समजा, 1 व्होल्टचे इनपुट हवे आहे आणि ते 2 व्होल्टच्या पुरवठ्यातून दहा-दहा किलो-ओमचे दोन रेझिस्टर ओळीने लावून मधल्या टोकावरून घेतले. मल्टिमीटर तिथे बरोबर 1 व्होल्ट दाखवतो. नॉन-इन्व्हर्टिंगला ते दिले, की ±15 व्होल्टच्या सप्लायवर आउटपुट 11 व्होल्टच्या आसपास येते. तेच इन्व्हर्टिंगला दिले की उणे 10 ऐवजी उणे 1.67 व्होल्ट!

अशा वेळी आयसी जळाली म्हणून ती बदलली जाते आणि नवी आयसीही तेच रीडिंग देते. आयसीचा यात काही दोष नसतो. 2 नंबरची पिन शून्यावर असल्याने सिग्नलच्या दृष्टीने R1 थेट ग्राउंडलाच जोडल्यासारखा आहे. म्हणजे खालच्या दहा किलो-ओमला एक किलो-ओम समांतर आला आणि दोघांचे मिळून सुमारे 909 ओम उरले. मधले टोक 1 व्होल्टवरून 0.167 वर उतरले. त्याची दहापट म्हणजे 1.67. गेन दहाच आहे, इनपुट खाली बसले आहे. नॉन-इन्व्हर्टिंगमध्ये 3 नंबरची पिन साधारण 80 नॅनोअँपिअरच घेते, त्यामुळे तिथे हे घडत नाही.

म्हणून इनपुटचे रीडिंग जोडणी पूर्ण झाल्यावर, R1 च्या टोकालाच घ्यायला हवे. गेन तपासायला ते पुरते. पण मूळचा 1 व्होल्टच दहापट हवा असेल, तर मध्ये आणखी एक 741 लावावी, तिची 6 नंबरची पिन सरळ 2 नंबरला जोडावी आणि सिग्नल 3 नंबरवर द्यावा. हा एक गेनचा बफर मधल्या टोकावर भार टाकत नाही, आणि आउटपुट उणे 10 व्होल्टवर येते. R1 शंभर किलो-ओम आणि Rf एक मेगओम केले तरी उणे 9.5 च्या आसपास मिळतात. चूक कमी होते, जात नाही.

दुसरी अडचण सप्लायची. नॉन-इन्व्हर्टिंगला 2 व्होल्ट दिले, तर सूत्र 22 व्होल्ट मागते. ±15 व्होल्टवर 741 चे आउटपुट 14 च्या आसपास जाऊन अडकते. मग 2 नंबरवर त्याचा अकरावा हिस्सा, म्हणजे सुमारे 1.27 व्होल्ट दिसतो आणि 3 नंबरवर 2 व्होल्ट असतात. दोन्ही पिना सारख्या राहिल्या नाहीत की सूत्र तिथे लागू नाही. Rf ची तार सुटली असली तरी हीच खूण दिसते, कारण आउटपुट एका टोकाला जाऊन बसते. आउटपुट चुकले आणि तरीही दोन्ही पिना जुळत असतील, तर आयसीला हात न लावता आधी R1 च्या टोकाचे व्होल्टेज आणि रेझिस्टरांच्या किमती मोजाव्यात.